बारा डेसिबल

माझ्या कामात लोकांचे चेहरे दिसत नाहीत, आकडे दिसतात. कोणत्या टॉवरवर किती कॉल लागले, किती तुटले, किती अर्ध्यात गेले. ऑफिसात मला टॉवरबाई म्हणतात आणि मला ते आवडायचं. आमचं खातं नेटवर्क सुधारण्याचं. तक्रार आली की मी गाडी, लॅपटॉप आणि चार टेस्टिंगचे फोन घेऊन निघते, फोन लावत लावत रस्ते फिरते आणि दोष शोधून काढते. नसला तर 'दोष आढळला नाही' असं लिहून तक्रार बंद करते. त्या घरची तक्रार मी अशीच बंद केली.

तक्रार मुलाची होती. तो दुसऱ्या शहरात नोकरीला. आई आणि धाकटी बहीण इथे राहायच्या. आईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, आणि तिचं नाव किडनी मिळण्याच्या यादीत. मेलमध्ये त्याने लिहिलं होतं: 'संध्याकाळी फोन लावला की बंद लागतो. बहीण म्हणते चालूच असतो. हॉस्पिटलचा फोन कधीही येऊ शकतो. कृपया बघा.'

मी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आई खिडकीपाशी पलंगावर, पाय सुजलेले, पण जीभ अगदी शाबूत. "या टॉवरवाल्या बाई. तुमच्या टॉवरला सांगा, माझ्या लेकाला रोज रुसायला नवं कारण लागतं," ती म्हणाली. धाकटी हसली. तीस-बत्तीसची असेल, आईसाठी नोकरी सोडून घरी बसलेली. दोघींत मिळून एकच फोन होता, बटणांचा, इंटरनेट नसलेला. हॉस्पिटलच्या फॉर्मवर पहिला नंबर त्याचाच.

मी तो फोन हातात घेतला तेव्हा रेंजची एकच काडी होती. त्यावरून माझ्या फोनला लावला. जरा उशिराने लागला, पण लागला, आणि आवाज स्वच्छ. कॉल संपवला तर चार काड्या. मग माझ्या फोनवरून त्यांना लावला, तर पहिल्या झटक्यात घंटी. खिडकीतून नवा टॉवर समोर दिसत होता, हाकेच्या अंतरावर.

"नेटवर्क उत्तम आहे," मी म्हटलं. "असे जुने फोन चार्जिंग संपून बंद पडतात आणि कळतही नाही. चार्जिंगचं तेवढं बघत जा."

"मी लावते की रोज," धाकटी म्हणाली.

"तरी बघत जा," मी म्हटलं. आईने लेकीकडे एकदा पाहिलं. मी बॅग उचलली.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका शनिवारी, संध्याकाळी सात वाजता हॉस्पिटलने त्या घरी फोन लावला. किडनी जुळत होती. दोन तासांच्या आत पेशंट हजर हवा होता. त्यांनी तीन वेळा लावला, लागला नाही. मग फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरवर, भावाला लावला. तो वेड्यासारखा बहिणीला लावत सुटला. अकरा वेळा. प्रत्येक वेळी तीच रेकॉर्ड: फोन बंद आहे किंवा संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. या वाक्यातलं 'किंवा' कुणाला ऐकू येत नाही. माणसाला 'बंद' तेवढं ऐकू येतं. आठ वाजता हॉस्पिटलने यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावलं. पावणेनऊला धाकटीने भावाला सहज म्हणून फोन केला, जेवलास का विचारायला.

पाच आठवड्यांनी आई गेली.

भावाचा दुसरा मेल आला तो तक्रार म्हणून नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की त्या संध्याकाळी फोन बंद होता हे कंपनीने लेखी द्यावं. 'माझी बहीण अजून खोटं बोलते आहे,' असं त्यात होतं.

मी नोंदी काढल्या. फोन बंद करताना तो नेटवर्कला निरोप देतो, चालू करताना नव्याने नाव नोंदवतो. बॅटरी अचानक गेली तर निरोप द्यायचा राहून जातो, पण परत आल्यावर नोंदणी होतेच. त्या दिवशी निरोपही नव्हता आणि नोंदणीही नव्हती. उलट सात पन्नासला फोनने ठरल्या वेळेची हजेरी लावली होती. म्हणजे फोन चालू होता. चौदा वेळा नेटवर्कने त्याला हाक मारली होती आणि चौदा वेळा उत्तर आलं नव्हतं. पावणेनऊचा कॉल सुरू झाला होता जुन्या टॉवरवरून, नदीपलीकडच्या, डायलिसिस सेंटरजवळच्या. आणि सातव्या सेकंदाला तो खिडकीसमोरच्या नव्या टॉवरवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरकाकांना म्हटलं, "आज फोन लावायचे नाहीत. नुसते खिशात ठेवून जायचं."

"मग टेस्टिंग कसलं?" काका म्हणाले.

तीच तर गोम होती. कॉल चालू असताना फोन कुठल्या टॉवरवर जाणार ते नेटवर्क ठरवतं. नुसता पडून असलेला फोन मात्र स्वतःच ठरवतो, आणि तेही ज्या टॉवरवर बसला आहे त्याने दिलेल्या नियमांनी. नियम असा की शेजारचा टॉवर नुसता सरस असून भागत नाही, ठरलेल्या फरकाने सरस हवा आणि तोही क्षणभर नव्हे, सेकंद-दोन सेकंद टिकून. नाहीतर फोन दर मिनिटाला इकडून तिकडे उड्या मारत बसेल. हा फरक साधारण चार डेसिबल असतो; डेसिबल म्हणजे सिग्नलच्या जोराचं माप, बेरजेने नव्हे, पटीने वाढणारं. त्यावर एखाद्या ठराविक शेजाऱ्यासाठी आणखी वजाबाकी लावता येते, की याला इतके गुण कमी धरा.

आम्ही डायलिसिस सेंटरपासून निघालो, पूल ओलांडला, त्यांच्या इमारतीखाली थांबलो. नवा टॉवर डोक्यावर होता, दहा डेसिबलने जोरदार, म्हणजे दहापट. फोन जुन्यालाच चिकटून. मी वीस मिनिटं थांबले. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तसं. मग एक कॉल लावला, सात सेकंदांत फोन नव्यावर गेला आणि कॉल संपल्यावरही तिथेच राहिला. पहिल्या भेटीत मी नेमकं हेच केलं होतं. आजार तपासायला गेले आणि माझ्या हातानेच तो तेवढ्यापुरता बरा करून आले.

लॅपटॉपवर जुन्या टॉवरचे नियम उघडले. नव्या टॉवरच्या नावापुढे बारा डेसिबलची वजाबाकी. बारा आणि चार सोळा. नवा टॉवर चाळीसपट जोरदार झाला तरच फोन जुन्याला सोडणार, आणि त्या घरात तो फक्त दहापट होता. बदल करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं. शेऱ्यात एकच शब्द, 'तात्पुरतं'.

मला आठवलं. नवा टॉवर उभा राहिला तेव्हा त्याला मुख्य नेटवर्कशी जोडणारी मागची लाइन अशक्त होती, म्हणून दोन आठवडे फोन तिकडे जाऊ नयेत अशी मी व्यवस्था केली. दोन ठिकाणी वजाबाकी टाकली, एक चालू कॉलसाठी, एक पडून असलेल्या फोनसाठी. लाइन सुधारल्यावर पहिली काढली, कारण कॉल तुटले की आमचे आलेख बोंब मारतात. दुसरी राहिली. जो कॉल कुणाला लागलाच नाही त्याचा आलेख आम्ही काढत नाही.

बाकीचं मला गाडीत बसल्या बसल्याच दिसलं. आठवड्यातून तीन दिवस मायलेकी पलीकडून यायच्या, फोन जुन्या टॉवरचं बोट धरून घरी यायचा. दोन्ही टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. संध्याकाळी गर्दी वाढली की समोरच्याच्या गलक्यात लांबच्याचा आवाज बुडायचा. इथून केलेला कॉल मात्र जायचा, कारण स्वतः लावताना फोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. इंटरनेटचा फोन असता तर सारखा काहीतरी चाळे करत राहिला असता आणि नेटवर्कने त्याला ओढून नव्यावर नेलं असतं. हा बिचारा गप्प बसून हाकेची वाट बघणारा. सगळ्यात वाईट म्हणजे हाक त्या भागातले सगळेच टॉवर मारतात. त्या शनिवारी समोरचा टॉवरही खिडकीपाशी उभा राहून तिला चौदा वेळा बोलावत होता. पण फोन ज्याच्यावर बसलेला असतो त्याचंच ऐकतो.

मी बाराच्या जागी शून्य टाकलं. काकांनी विचारलं, "झालं काम?" मी लॅपटॉप मिटला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस दुष्ट नाही, पण वेळ मारून नेण्यात हातखंडा. "नियम दुरुस्त केलास ना? मग संपलं. दोष आढळला नाही असं लिही. आत्ता तरी खरंच नाही."

मी नोंदीचा कागद छापून घेतला आणि न सांगता निघाले. धाडस वगैरे काही नव्हतं.

दार भावाने उघडलं. तो खोली आवरायला आला होता. पलंगावर गादी नव्हती, औषधांची खोकी दाराशी. धाकटी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. दोघं एकमेकांशी बोलत नसावीत, कारण त्याने तिला नावाने हाक मारली नाही. नुसतं म्हणाला, "कंपनीच्या बाई आल्यात. घे, आता ऐक."

मी उभ्यानेच सांगितलं. आकडे सांगितले नाहीत, कुणाला हवे होते. म्हटलं, "फोन चालू होता. चार्जिंगही होतं. ह्यांनी काही चूक केली नाही. फोन लांबच्या टॉवरला चिकटून राहत होता, आणि तसा राहावा असा नियम मी लिहिला होता. काढायला विसरले. आणि मागे इथे येऊन चार्जिंगचं बोलले, तेही मीच."

भावाने कागद घेतला. वाचत नव्हता, नुसता बघत होता. मग पलंगाच्या उघड्या फळीवर खाली बसला. "अकरा वेळा लावला मी," तो म्हणाला. "दर वेळी तिला शिव्या दिल्या." बहिणीकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

मी धाकटीकडे पाहिलं. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. मी पुन्हा म्हटलं, "फोन चालू होता, ताई."

"मला माहीत आहे की," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी माझ्या हातातच होता."

तिने हातातल्या साडीची घडी पुरी केली.

"आईला माहीत नव्हतं. तुम्ही सांगून गेलात ना, तिला ते खरं वाटलं. हॉस्पिटलचं कळल्यावर एका शब्दाने बोलली नाही मला. फक्त रोज संध्याकाळी विचारायची, चार्जिंगला लावलास ना गं? शेवटच्या दिवशीसुद्धा विचारलं."