रजेनंतरचं वाक्य

गोदामप्रमुखांची मेल नेहमीसारखी नेटकी होती. मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जायचंय, व्हिसासाठी नोकरीचं पत्र हवं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगार, मंजूर रजा आणि रजेनंतर कामावर परत येणार असल्याचं वाक्य. गुरुवारी दुपारपर्यंत, कारण शुक्रवारी व्हिसाची मुलाखत.

मी बुधवारीच मसुदा सहीला नेला. साहेबांनी शेवटच्या वाक्यावर काट मारली.

"हे काढा. ते परत येतील तेव्हा गोदाम बंद झालेलं असेल. खोटं कसं लिहू? आणि त्यांना इतक्यात काही बोलू नका."

खरेपणाचा एवढा पुळका त्यांना कधी आला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पत्र मी मुकाट्यानं छापलं.

गुरुवारी गोदामप्रमुखांनी ते माझ्या टेबलापाशी उभ्यानंच वाचलं, आलेला माल तपासावा तसं, ओळीओळीवर बोट ठेवून.

"मॅडम, परत येण्याचं वाक्य राहिलं."

"काका, एवढंच देता येतंय."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी की-बोर्डकडे. मग त्यांनी पत्र हळूच माझ्यापुढे ठेवलं.

"मग रजेचं वाक्यही काढा," ते म्हणाले. "आता रजा कसली?"