मशीन मोकळी आहे असं धरून

गिअर बनवणाऱ्या कारखान्यात कोणता माल कधी निघेल ते ठरवणाऱ्या प्लॅनरला या व्यवहारातून मिळण्यासारखं बरंच होतं. प्लॅनिंग विभागाचे प्रमुख काही दिवसांतच निवृत्त होणार होते, त्यांची काचेची केबिन रिकामी होणार होती, आणि मालक ‘बघू’ म्हणाले होते. मालकांचं ‘बघू’ म्हणजे दुसऱ्या कुणाचं ‘हो’. सासुरवाडीचं खातं वेगळंच. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिकडे त्याची ओळख ‘कम्प्युटरवर काहीतरी करतात’ यापुढे सरकली नव्हती. आता धाकटा मेहुणाच गिऱ्हाईक होऊन समोर बसला होता. एक चांगली तारीख दिली की दोन्ही खाती भरणार होती.

मेहुण्याचं छोटं वर्कशॉप होतं. औषधाच्या गोळ्या पाकिटात भरणाऱ्या मशिनी तो जोडून द्यायचा. एका मोठ्या कंपनीने त्याला एक मशीन करायला सांगितली होती. ती वेळेवर उभी राहिली तर वर्षभराचं काम त्याचं. अशा मशिनींना लागणारे गिअर आजवर तो दुसऱ्या एका कारखानदाराकडून घेत असे; या वेळी भाऊजींना विचारत होता.

“भाऊजी, वीस तारीख नक्की ना? नाहीतर जुन्याकडेच टाकतो. तो माणूस कुरकुरतो फार, पण माल वेळेवर देतो.”

“अरे, तारीख मी देत नाही, सिस्टिम देते. कम्प्युटर खोटं बोलतो का?”

“कम्प्युटर नाही बोलत. कम्प्युटरवाल्यांची खात्री नाही.”

दोघे हसले. प्लॅनर जरा जास्तच हसला.

कारण ती तारीख कुठून आली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कारखान्यात मशिनी भरपूर, पण सगळा माल शेवटी एकाच गळ्यातून उतरायचा: गिअरचे दात घासून नेमक्या मापात आणणारी ग्राइंडिंग मशीन. बाकीच्या मशिनी अधूनमधून जांभया द्यायच्या, ग्राइंडिंगपुढे मात्र ट्रॉल्यांची रांग हटत नसे. सिस्टिमला तारीख दोन तऱ्हांनी काढता यायची. ‘मर्यादित क्षमता’ निवडली की ती मशीनचे तास मोजून कामं एकामागे एक रांगेत बसवी. जागा नसली की तारीख पुढे ढकले. ‘अमर्याद क्षमता’ निवडली की प्रत्येक ऑर्डरला वाटे, मशीन माझ्याचसाठी मोकळी आहे. लग्नघरात सगळ्यांना एकच न्हाणीघर दाखवून ‘आंघोळीला या, रिकामंच आहे’ म्हणावं, तसं.

आधी त्याने मर्यादितच वापरलं होतं. तारखा इतक्या लांबच्या आल्या की मीटिंगमध्ये हशा पिकला. “या सिस्टिमला सांगा, इथे माणसंही काम करतात,” मालक म्हणाले. चूक साधी होती. ग्राइंडिंगला दुसरी शिफ्ट सुरू झाली होती, पण सिस्टिममधल्या त्या मशीनच्या कॅलेंडरात अजून एकच शिफ्ट होती. कॅलेंडर दुरुस्त केलं की संपलं. पण चिडलेल्या माणसाला सोपं काम सुचत नाही. त्याने कॅलेंडर तसंच ठेवलं आणि सरळ अमर्यादवर बोट दाबलं. तारखा देखण्या झाल्या, मालक खूश झाले.

अमर्याद म्हणजे खोटंच असंही नाही. जिथे मशीन रिकामी असते तिथे त्या तारखा खऱ्याच्या जवळ जातात. शिवाय काम कुठे उतू जातंय ते त्यातच दिसतं. कोणत्या मशीनवर किती काम आहे ते दाखवणाऱ्या लोडच्या आलेखात ग्राइंडिंगचा खांब क्षमतेची रेघ ओलांडून लालभडक वर चढला होता. तो बघून माणसाने काही करायचं असतं: ओव्हरटाइम लावायचा, काम बाहेर द्यायचं, नाहीतर तारीख बदलायची. प्लॅनरने आलेखाची खिडकी बंद केली. मालक येणार होते.

पण तारीख देऊन झाल्यावर त्याला जेवण गोड लागेना. सुट्टीच्या दिवशी, ऑफिसात कुणी नसताना, तो येऊन बसला. ग्राइंडिंगला दुसरी शिफ्ट लावली. एक काम उतरवून दुसरं चढवताना सेटिंगला लागणारा वेळ भरला. मशिनींपाशी जाऊन ट्रॉल्या बघितल्या आणि खरी रांग जशी होती तशी सिस्टिममध्ये टाकली. मग मर्यादित क्षमतेवर शेड्यूल चालवलं. मेहुण्याचे गिअर पुढच्या महिन्यात गेले.

या तारखेवर हसण्यासारखं काही नव्हतं. शिफ्ट खरी, सेटिंग खरं, रांग डोळ्यांनी पाहिलेली. विश्वास ठेवावा अशी त्या सिस्टिममधली ही पहिलीच तारीख, आणि नेमकी तीच त्याला नको होती.

वेळ अजून होता. एक फोन केला असता तर मेहुणा जुन्याकडे गेला असता. पण एक शब्द मागे घेतला की मालक विचारणार, बाकीच्या गिऱ्हाइकांच्या तारखांचं काय? आणि त्या सगळ्या त्याच देखण्या पद्धतीने दिलेल्या. केबिनचा निर्णय त्याच आठवड्यात होता.

दुसऱ्या दिवशी फोन मेहुण्यानेच केला.

“भाऊजी, जुना विचारत होता. त्याच्याकडे आत्ता जागा आहे म्हणे. टाकू का?”

समोरच्या पडद्यावर पुढच्या महिन्याची तारीख होती. प्लॅनरने खुर्ची खिडकीकडे वळवली.

“छे रे. आपलं ठरलंय ना?”

“तुम्ही आहात म्हणून निवांत आहे. ताईला सांगा, रविवारी येतो.”

केबिन मिळाली. पेढ्यांऐवजी त्याने सगळ्यांना चहा पाजला.

वीस तारीख जवळ आली तशी त्याने प्रमुखाची पहिली आज्ञा सोडली: ग्राइंडिंगवर चालू असलेलं काम उतरवा, पाकिटाच्या मशीनचे गिअर चढवा. उतरवलेलं काम एका पंपवाल्याचं होतं, जुन्या आणि गरीब स्वभावाच्या गिऱ्हाइकाचं. लागलेलं सेटिंग मोडलं, नवं लावलं, मग पुन्हा जुनं लावलं. जी मशीन आधीच पुरत नव्हती, तिची जवळजवळ एक शिफ्ट नुसत्या चढ-उतारात गेली. हे होणार हे त्याला माहीत होतं. सेटिंगचा वेळ त्यानेच भरला होता. गिअर तरीही उशिरा निघाले.

मेहुणा स्वतः टेम्पो घेऊन आला. कंपनीने वर्षाचं काम दुसऱ्याला दिल्याचं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तसं. मग विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

प्लॅनर टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

“मी फोन केला, त्याच्या आधी?”

“हो.”

मेहुण्याने मान हलवली. गिअरचा खोका उचलला, दाराशी थांबला.

“ताईला मी सांगतो, सिस्टिमचा घोळ झाला. तुम्ही काही बोलू नका.”

“अरे, पण…”

“तुमच्यासाठी नाही, भाऊजी. तिला रोज तुमच्याबरोबर जेवायचंय.”

त्या रात्री बायको ताट वाढताना म्हणाली, “बिचारा म्हणत होता, भाऊजींनी फार धावपळ केली माझ्यासाठी.” प्लॅनरने खरं सांगायला तोंड उघडलं, आणि त्यात घास घातला.

शेवटी हिशेब असा लागला. प्लॅनरला केबिन मिळाली, आणि सासुरवाडीत न कमावलेला मान. पंपवाल्याने किंमत म्हणून आपली तारीख भरली, का ते त्याला कुणी सांगितलं नाही. मेहुण्याने वर्षाचं काम भरलं, काम गेल्यामुळे कमी करावे लागलेले हाताखालचे दोन फिटर भरले, आणि वर बहिणीसाठी एक खोटंही आपल्याच खिशातून भरलं.