पेटीवाल्या बाजूचा कॅमेरा

मी घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणारी नर्स आहे. पाठीच्या जखमा, शस्त्रक्रियेचे टाके, नळ्या बदलणं, असली कामं. जखम भरतेय की चिघळतेय हे डॉक्टरांना कळावं म्हणून दर भेटीला फोटो काढून संस्थेच्या अ‍ॅपवर चढवावा लागतो. फोन मात्र माझाच. म्हणून संस्थेने त्यात कामाची वेगळी बाजू करून दिली आहे. त्या बाजूच्या प्रत्येक अ‍ॅपच्या चिन्हावर एक इवलीशी पेटी असते. ऑफिसला नेतात तशी, हातातली. त्यामुळे माझ्या फोनमध्ये दोन कॅमेरे, दोन गॅलऱ्या, दोन मेल. संध्याकाळी सहाला मी कामाची बाजू थांबवते. पेटीवाली चिन्हं करडी पडतात आणि मी निवांत हातपाय धुऊन जपाला बसते.

पाच महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. दोन भेटींच्या मधे दुपारी मी त्यांच्याकडे डोकावत असे. एकदा मी त्यांचे पाय चोळत होते. आई खिडकीशी उभी राहून दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या तक्रारी सांगत होती. बाबांचे ओठ हलताना दिसले. मी झटकन फोन काढला, खालच्या ओळीतला कॅमेरा दाबला.

"टि... टिटवे," बाबा म्हणाले. "गप."

सहा आठवड्यांनी पहिला शब्द, आणि तो हा! आई जागच्या जागी खाली बसली. चाळीस वर्षं बाबांनी आम्हा मुलांसमोर तिला 'अगं' आणि 'ऐकलंस का' यापलीकडे हाक मारली नव्हती. टिटवी हे त्यांचं तिच्यासाठी एकांतातलं नाव होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी पुन्हा गेले तेव्हा आई म्हणाली, "दाखव गं ते." मी गॅलरी उघडली, तर व्हिडिओ नाहीच. सकाळी कामाची बाजू चालू केली तेव्हा उलगडा झाला. घाईत पेटीवाला कॅमेरा दाबला गेला होता आणि बाबा जाऊन बसले होते माझ्या रुग्णांच्या जखमांमध्ये. तिथून आईला पाठवायला गेले तर फोनने सरळ नकार दिला: संस्थेच्या धोरणानुसार परवानगी नाही.

तेव्हापासून रोज दुपारी मी गेले की आई आधी तो व्हिडिओ बघायची, मग मला ताट वाढायची. बाबांची वाचा हळूहळू परतली. पण बोलता यायला लागलं तसा संकोचही परतला. पुन्हा 'अगं'. आई एकदा हळूच म्हणाली, "हे बरे झाले, ते चांगलंच झालं. पण तेवढं एक राहिलं ना." म्हणजे ती हाक ऐकायला तिच्याजवळ तो व्हिडिओच काय तो होता.

आणि बुधवारी संस्थेचा निरोप आला. फोन सांभाळणारी व्यवस्था बदलते आहे. शुक्रवारी दुपारी बारा वाजता सर्वांच्या फोनमधली कामाची बाजू काढली जाईल आणि नव्याने बसवावी लागेल. रुग्णांच्या नोंदी सर्व्हरवर आहेत, त्यांची चिंता नको. तुमच्या खासगी बाजूला धक्का लागणार नाही.

खासगी बाजूचं ठीक. पण माझी खासगी गोष्टच चुकीच्या बाजूला होती.

गुरुवारी सकाळी संस्थेत गेले. तिथे फोन आणि संगणक बघणारा जो आहे त्याला आम्ही सगळ्या कुलूपदादा म्हणतो. पासवर्ड विसरलेल्या बायकांकडे तो अशा नजरेने बघतो, जणू देवच पापाचा हिशेब विचारतोय.

"दादा, आमच्या घरचा एक व्हिडिओ पेटीत अडकलाय. तुम्ही पाहिला असेलच, रागावू नका."

"मी?" तो खुर्चीतून उठलाच. "ताई, मला फक्त एवढं दिसतं की पेटी आहे, त्यात संस्थेची कोणती अ‍ॅप आहेत आणि फोनला कुलूप आहे की नाही. आतले फोटो मला दिसत नाहीत. तुमच्या घरच्या बाजूचं तर काहीच दिसत नाही."

"मग काढता येईल का तो?"

"तुमच्यापुरता नियम सैल करतो. कामाच्या बाजूतून घरच्या बाजूला पाठवायला परवानगी. दहा मिनिटं. पाठवा आणि सांगा, परत बंद करतो."

"म्हणजे फक्त तेवढाच व्हिडिओ?"

"नाही हो. दार उघडलं की उघडलं. कुठलाही फोटो जाऊ शकेल."

मी होकार द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या रुग्णांपैकी अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आठवल्या. पाठीचा फोटो काढू द्यायला त्या तयार नव्हत्या. मी त्यांना म्हटलं होतं, "आजी, हा फोटो पेटीतून बाहेर जात नाही. मी ठरवलं तरी जात नाही." त्यावर त्यांनी पदर बाजूला केला होता. मी काही त्यांचा फोटो पाठवणार नव्हते. पण 'मी ठरवलं तरी' हे माझे शब्द होते.

"राहू द्या दादा."

"अहो, पुसला जाईल तो!"

"माहीत आहे."

त्याने चष्मा काढून पुसला. "ताई, दार बंद असलं तरी काचेतून दिसतंच की. व्हिडिओ तुमच्या वडिलांचा आहे ना? मग लावा आणि दुसऱ्या फोनने पडद्याचं चित्रण करा. रुग्णाचं असतं तर मीच हात धरला असता. एवढंच बघा, गॅलरीतलं दुसरं काही पडद्यावर येऊ देऊ नका."

इतकं साधं! मी त्याला मनापासून नमस्कार केला, तेव्हा तो लाजला.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला आईबाबांच्या घरी पोहोचले. खिडकीचा पडदा ओढला, माझा फोन डब्याला टेकवून उभा केला. आधी तो एकच व्हिडिओ उघडून ठेवला आणि मगच आईला तिच्या फोनवर चित्रण सुरू करायला सांगितलं.

"हात हलवू नकोस. आणि बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?" आई बोलली. ते पहिल्या चित्रणात गेलं. दुसऱ्यात शेजारचं दार आपटलं. तिसऱ्या वेळी पडद्यावरचे बाबा ओठ हलवू लागले तसे पलंगावरचे बाबा धडपडत उठून बसले.

"हे... हे काय? बंद कर ते. कोण कोण बघणार?"

"श्श्!" आई आणि मी एकदम.

नाव आलं, 'गप' आलं, त्यावर बाबांचं "बंद कर" आलं आणि आईचं हसू आलं. चौथ्यांदा करू म्हटलं तर ती म्हणाली, "नको. असंच राहू दे, दोघांचं."

बारा वाजून काही मिनिटांनी माझ्या फोनवर सूचना आली आणि पेटीवाली सगळी चिन्हं गेली. थोड्या वेळाने मी नव्या व्यवस्थेचं अ‍ॅप घेतलं, संस्थेने पाठवलेला चौकोनी क्यूआर कोड त्याला दाखवला, अटी वाचून मान्य केल्या. पेट्या परत आल्या, आत सगळं रिकामं. या वेळी कामाचा कॅमेरा खालच्या ओळीत ठेवला नाही.

आई शेजारी बसून बघत होती. "मलाही करून दे अशी एक पेटी. यांनी माझा फोन घेतला तर ते पुसून टाकतील."

"आई, ही संस्था करून देते. त्याला नोकरी लागते."

"नोकरी?" तिने पलंगाकडे पाहिलं. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होते. "चाळीस वर्षं काय करतेय मग मी? विचार तुझ्या कुलूपवाल्याला, यांच्यासाठी कुठला कोड दाखवायचा."