कार्डावर न उतरलेली खूण

त्या रविवारी आम्ही दोघं पाण्यावरून भांडत होतो. पाणी म्हणजे कार्डावर लिहायचं पाणी.

दादा, म्हणजे माझे वडील, भोरच्या नगरपालिकेत घरपट्टीच्या कामावर होते. सत्तर साली निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात स्टँडजवळच्या एका सायकल दुकानात टेबल टाकून त्यांनी पाटी लावली: खोल्या भाड्याने मिळतील. बदलून येणारे शिक्षक, कंडक्टर, बँकेतले लोक त्यांच्याकडे येत. पहिल्या वर्षी पस्तीस-चाळीस खोल्या होत्या. त्या डोक्यात मावत. चौथ्या वर्षी नसरापूर, किकवी, मार्गासनी, वेल्हे धरून तीनशेवर गेल्या आणि डोकं पुरेना. त्यांच्या वह्यांत कोंडिबाची माडी, गिरणीमागची माडी आणि कंडक्टरची जुनी खोली अशा तीन नोंदी होत्या. ती एकच खोली होती. एका शिक्षकांना त्यांनी आठवड्यात तीनदा तिथंच धाडलं.

"गुरुजी म्हनले, जाधव, आता तिथला उंदीरबी मला रामराम घालतो," दादा सांगायचे.

मी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते आणि शनिवारच्या एस.टी.ने भोरला यायची. त्यांच्या वह्या कार्डांवर उतरवायचं काम मीच अंगावर घेतलं. ग्रंथालयात पुस्तकाला मिळालेला दाखल क्रमांक जन्मभर त्याचाच असतो, तसा प्रत्येक खोलीला एक क्रमांक. घराला नव्हे, खोलीला, कारण एका घरात चार बिऱ्हाडं असतात. पालिकेचा घरनंबर चालणार नव्हता, कारण बारा नंबरचं घर प्रत्येक गावात असतं. मालकाचं नाव घ्यायचं नाही, कारण मालक बदलतो. गावाचं अक्षर आणि पुढे तीन आकडे, बस. भो-०४१, न-०११, वे-००७.

"किकवीची सात नंबरची खोली पडली," दादा म्हणाले होते. "नंबर मोकळा हाय. दे की नव्या खोलीला."

"नाही द्यायचा. जुन्या कागदावर कि-००७ असेल, तर ती पडलेली खोलीच असली पाहिजे. नाहीतर एका नंबरावर दोन खोल्या होतील."

"म्हंजे मेलेल्याचा नंबर मेलेल्यापाशीच."

"हो."

"ब्येस हाय," ते म्हणाले आणि ते कार्ड त्यांनी स्वतः लाल रेघ मारून कार्डांच्या पेटीत परत ठेवलं.

सोयींचं मात्र त्यांना पटत नव्हतं. वह्यांत त्यांनी पाणी बरं, पाणी दारात, पाण्याला तोटा नाही, असं मनाला येईल तसं लिहिलं होतं. मी शब्द ठरवून दिले होते, त्यांच्या बाहेर जायचं नाही: घरात नळ, सामाईक नळ, विहीर. तळमजला, माडी. वीज. वेगळा संडास, सामाईक संडास. प्रत्येक शब्दाचा एक मोठा कागद, आणि त्यावर ती सोय असलेल्या खोल्यांचे नुसते क्रमांक, चढत्या क्रमानं. कुणी तळमजला आणि घरात नळ मागितला, की ते दोन कागद शेजारी ठेवायचे. दोन्हीकडे जो क्रमांक सापडेल त्याचं कार्ड काढायचं. तीनशे कार्डं चाळायला नकोत.

"इथं लिहिलंय पाणी बरं. बरं म्हणजे काय?" मी विचारलं.

"बरं म्हंजे बरं."

"दादा, नळ की विहीर?"

"विहीर. पन गोड हाय. गोड लिवायला तुझ्याकडं कागद न्हाई."

मी हसले. तेही हसले. मग मी वहीतल्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं. काही नोंदींच्या कडेला त्यांनी बारीक गोल काढले होते. तीनशेंत साठेक तरी असतील.

"आणि हे काय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते माझ्यापुरतं हाय."

"एकाच माणसाला कळते ती खूण कार्डावर कशाला? अर्थ सांगा, मी शब्द ठरवते. नाहीतर गाळते."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, सांगतील.

"गाळ," ते म्हणाले. "म्या हाय तवर मला ठावं हाय."

संध्याकाळच्या गाडीनं मी पुण्याला गेले. सोमवारी सकाळी नसरापूरच्या एस.टी.ची वाट बघत असताना दादा स्टँडवरच्या बाकावर कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक कोरं कार्ड मिळालं. वर माझ्या अक्षरात न-०१९ एवढाच क्रमांक होता. नसरापूरच्या बनाबाई नावाच्या कुणी बाईंनी पत्र टाकून खोली कळवली होती. सोयी बघून लिहायला ते निघाले होते.

मी महिनाभराची रजा काढली. घरी भिक्खू आले, वंदना झाली, लोक येऊन गेले. नंतरच्या आठवड्यात मी दादांच्या टेबलाशी बसू लागले. दुसरं काही सुचत नव्हतं, आणि पेटी पुरी झाली होती, हेही खरं.

तिसऱ्या आठवड्यात रतनबाई आल्या. नसरापूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून नेमणूक झालेली, वय पंचविशीच्या आत. बरोबर आई, अक्काबाई. आईच्या गुडघ्यांना पायरी चढवत नव्हती आणि विहिरीवरून पाणी आणणं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. त्यांच्या घरी भिंतीवर कोणाची तसबीर असेल हे मला त्यांच्या आडनावावरून आणि बोलण्यावरून कळलं. आमच्याही घरी तीच होती. मी त्याबद्दल काही बोलले नाही.

मी तळमजल्याचा कागद काढला, घरात नळाचा काढला, नसरापूरच्या ओळींवरून बोट फिरवलं. दोन्हीकडे एकच क्रमांक होता, न-०११. कार्ड काढलं. मालक आनंदराव, खोली रिकामी. तीन मिनिटांचं काम. मला दादांना ते दाखवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो सामानासकट परत आला. अक्काबाई पुढे बसल्या होत्या, मांडीवर स्टोव्ह धरून.

"ताई, तुमची खोली रिकामीच होती," रतनबाई म्हणाल्या. "नळालाही पाणी होतं. सामान उतरवलं. मग मालकांनी विचारलं, म्हणजे तुम्ही कोण? मी सांगितलं कोण ते. म्हणाले, आमच्या घरात देव आहेत, आम्हाला जमायचं नाही."

"मला माहीत नव्हतं."

"तुमच्या वडिलांकडं आल्या होत्या आमच्यातल्या दोन-तीन सिस्टर. कुणाला असं परत यायला लागलं नाही. म्हणून तर आलो आम्ही."

"आगं, जाऊं दे," अक्काबाई म्हणाल्या. "म्या तासभर ट्रंकंवर बसले तवा मानसं बघायला आली. लगीन हाय का काय वाटलं आसंल."

कुणी हसलं नाही. त्यांना मी आमच्या घरी नेलं, चहा केला आणि फळीवरून दादांच्या वह्या काढल्या. आनंदरावांच्या नोंदीच्या कडेला गोल होता.

मी सगळे गोल शोधत गेले. भोरमधली कितीतरी घरं माझ्या ओळखीची होती. ज्या ओट्यावर दादांना पाणी वरून ओतून देत, ती. ज्या घरी पट्टीचा कागद जमिनीवर ठेवायला सांगत, ती. जिथे मी लहानपणी त्यांच्याबरोबर गेले होते आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले होते, त्या घरालाही गोल होता. घरमालकांना गिऱ्हाईक हवं असायचं, म्हणून ते दादांना खोली कळवायचे. आपल्यातल्या कुणाला कुठं धाडायचं नाही, ते दादा गोलात लिहून ठेवायचे. मी साठ गोल गाळले होते, कारण माझ्या यादीत त्यांच्यासाठी शब्द नव्हता.

त्यांनी मला अर्थ का सांगितला नाही, तेही वही मिटताना कळलं. पुण्यात मी ज्या खोलीत राहते, तिथल्या मालकीणबाईंनी जाधव हे आडनाव ऐकलं आणि आपल्या मनानं काय ते ठरवलं. मी दुरुस्त केलं नाही. सहा वर्षं झाली. दादा एकदाच तिथे आले होते. बाईंनी त्यांना आत बसवलं, कपबशीतून चहा दिला, शहाण्णव कुळीतले कोणते जाधव म्हणून विचारलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी लावत होते. "भोरकडचे," ते म्हणाले आणि चहा पुरा न पिता उठले. नंतर पुण्याला यायचं म्हटलं की त्यांना नेमकं काम निघायचं. त्या खोलीला त्यांच्या वहीत गोलच असता, आणि त्या गोलाच्या आत त्यांची मुलगी राहत होती.

रात्र व्हायच्या आत मी नवा कागद घेतला आणि वर शब्द लिहिला: कोणालाही देतात. गोल मी कार्डांवर घेतले नाहीत. दादांच्या काळात नकार देणारा आज देईलही, आणि गोल नसलेल्या घरी कुणी विचारलंच नसेल. कागदावर क्रमांक चढवायचा तर दारात जाऊन विचारायला हवं होतं, आणि विचारणाऱ्यानं आपण कोण ते आधी सांगायला हवं होतं. दुसरा मार्ग मला सापडला नाही.

रविवारी सकाळी मी आणि रतनबाई नसरापूरला उतरलो. अक्काबाई आणि सामान भोरलाच ठेवलं. ह्या वेळी विचारल्याशिवाय ट्रंक हलवायची नव्हती. माझ्या पिशवीत दादांच्या खिशातलं कार्ड होतं.

बनाबाई साठीच्या, ठेंगण्या, अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. खोली तळमजल्याची. मी नळ सोडून पाहिला. दिवा लावून पाहिला. संडास सामाईक होता. एकेक सोय कार्डावर लिहिली.

"लई बारीक बघता वो बाई," त्या म्हणाल्या. "पोरगी बघायला आल्यागत."

"वडिलांची पद्धत आहे," मी म्हणाले.

"पत्र टाकलं त्यांना. यायचे म्हनले अन् आलेच न्हाईत."

"ते वारले. निघाले होते तुमच्याकडंच."

त्यांनी हात पदराला पुसले, आत जाऊन दोन तांबे पाणी आणलं आणि ओट्यावर ठेवलं. "बसा. जाधव न्हाई का तुमी? आमच्या थोरल्या सुनेचं म्हायेर जाधवांचं. तुमी मंग कंचे जाधव?"

रतनबाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तांब्यांना अजून कुणी हात लावला नव्हता. कार्डाची शेवटची ओळ, कोणालाही देतात की नाही ती, अजून कोरी होती.

"आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माझे वडील कुंडलिक जाधव बौद्ध होते, मी बौद्ध आहे, आणि खोली ज्यांना हवी आहे त्या ह्या सिस्टर आणि त्यांची आईसुद्धा."