महिपत पाटलाचे अडतीस घनफूट

नाते गावच्या महिपत पाटलाने सगळा जन्म पायलीने भात मोजण्यात घालवला. त्यामुळे जगात मापात न मावणारी वस्तू नाही, असा त्याचा पक्का समज. लेकीचे आंदण महाडच्या सुताराकडे तयार झाले. दुपारच्या मुहूर्ताआधी ते पोलादपुरात व्याह्यांच्या मांडवात मांडायचे होते. ट्रक एकच, खेपही एकच, आणि तसे पाटील चारचौघांत बोलून बसलेला.

"नऊ फूट लांब, पाच रुंद, पाच उंच. दोनशे पंचवीस घनफूट!" त्याने ट्रकच्या हौद्यावर काठी आपटली. "कपाट, पलंग, टेबल, सहा खुर्च्या, दोन पेट्या, माझी आरामखुर्ची, सगळे मिळून एकशे सत्त्याऐंशी. अडतीस उरले. त्यात मी!"

"पाटील, सामान भातावानी वतता येत नाय," ड्रायव्हर गोमाजी म्हणाला.

"तू गाडी हाक रे!"

पाटलाच्या हुकुमाने गडी चढवू लागले. सहा फुटी कपाट उभे राहीना, वर ताडपत्रीचा दांडा. मग खाली पलंग, त्यावर आडवे कपाट, वर एक पेटी. मागे टेबल, त्यावर दुसरी पेटी. हौदा संपला. सहा खुर्च्या आणि आरामखुर्ची रस्त्यावर. पलंगाच्या कडेला फूटभर रुंदीचा गाळा तेवढा मोकळा.

"हे बघा तुमचे घनफूट," गोमाजी म्हणाला. "ह्यात खुर्ची काय, तुमची काठीच मावंल. पलंग खोलू द्या."

"लग्नाआधी लेकीचा पलंग खोलायचा? अपशकुन!"

पाटलाची बायको, तुळजाबाई, पुढे झाली. "अवो, व्याही भुईवर बसले तर तो शकुन हाय काय? खोल रे गोमाजी."

गोमाजीने सगळे उतरवले. तळाशी कपाट पाठीवर, कडेला दोन पेट्या एकामागे एक. पलंगाच्या फळ्या कपाटावर अंथरल्या, तेव्हा पेट्या आणि फळ्या एका पातळीत, दोन फुटांवर आल्या. वर तीन फूट मोकळे. त्यात टेबल आणि खुर्च्या घट्ट बसल्या. कपाटामागे तीन फुटी चौकोन उरला. तिथे आरामखुर्ची.

पाटील तिच्यात बसला. हौद्याचा मागचा फळका लावायला मात्र दोन गड्यांनी खांदा दिला, कारण सगळ्या सामानाची मापे घेतली होती, पाटलाच्या पोटाची कुणी घेतली नव्हती.

पुढे गोमाजीशेजारी तुळजाबाई बसली, आणि ट्रक पोलादपुरात मुहूर्ताच्या घटकाभर आधी पोचला. फळका पाडला. पाटील हलेना. शेवटी चढलेला माल आधी उतरायचा, आणि तोच अडकलेला. वाजंत्री वाजायची थांबली. चौघे ओढत होते, दोघे ढकलत होते. अखेर पाटील बाटलीच्या बुचासारखा खुर्चीसकट बाहेर आला, आणि मग कुठे आंदण उतरले.

व्याही मालोजी त्याला खालीवर न्याहाळून म्हणाला, "वहिनी, हा नग यादीत नाय. ठेवून घ्यायचा काय?"

"घ्या," तुळजाबाई म्हणाली. "पण मी परत घेनार नाय हां."