स्वयंपाकघरातल्या पाच चुका

नवीन गिऱ्हाइकं मिळावीत म्हणून इंटिरियर डिझायनर बाईंनी ‘स्वयंपाकघरातल्या पाच चुका’ असा मोफत वेबिनार ठेवला. तासभर जीव तोडून बोलल्या. "शेगडी आणि सिंकच्या मध्ये फ्रिज बसवणाऱ्याला अक्कल नसते," असंही ठणकावलं. चॅटमध्ये अंगठ्यांचा पाऊस पडला. शेवटी सल्ल्यासाठी वेळ ठरवायची लिंक टाकली, तशी मंडळी पटापट पांगली. वेळ घेतली ती एकीनेच.

दुसऱ्या दिवशी बाई नटूनथटून कॅमेऱ्यासमोर बसल्या. समोर त्यांच्याच जुन्या गिऱ्हाईक, काकू. काकूंनी लॅपटॉप उचलून ओट्याकडे फिरवला. शेगडी, मग फ्रिज, मग सिंक.

"तुम्हीच करून दिलंत. गरम पातेलं घेऊन रोज फ्रिजला वळसा घालते. इतकी वर्षं वाटायचं, अक्कल मलाच नाही."