दोन ओळींचं उत्तर

वकील निशिगंधाचा नंबर कुणीतरी चाकणच्या कामगारांच्या ग्रुपवर टाकला आणि तिच्या जेवणाच्या सुट्टीची वाट लागली. काळेवाडीतल्या ऑफिसात तिनं डबा उघडला की फोन वाजलाच.

आजचा होता कुणी सयाजी. ओळख ना पाळख, गडी बारा वर्षांपूर्वी कंपनीत कसा लागला तिथूनच सुरू झाला. मग सुपरवायझरचा खडूसपणा, कँटीनमधलं भांडण, मेव्हण्याचं मत. भाजी गार झाली.

"सयाजीभाऊ, थांबा. सगळं ऐकायचं तर एक तासाचे पंधराशे रुपये. नाहीतर नेमका प्रश्न चार ओळींत लिहून पाठवा, दोन ओळींत उत्तर देते. त्याचे पैसे नाहीत."

"लिहून कसं कळंल मॅडम? आन नुसतं बोलायचे कुठं पैसे असत्यात व्हय?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. बोलण्यावरच तर तिचं पोट होतं! "असतात," म्हणून तिनं फोन ठेवला.

त्यानं लिहिलं नाहीच, वर सात व्हॉइस मेसेज पाठवले. ऐकणार नाही, लिहा, असं तिनं कळवलं. तीन वाजता एकदाचं लिखाण आलं. शेवटची ओळ वाचून ती ताठ बसली. 'एचआरवाले म्हणत्यात पाचच्या आत राजीनाम्यावर सही कर, नायतर काढून टाकू.'

एवढं आधी सांगायला काय झालं होतं या माणसाला! तिनं लगेच टाइप केलं. 'सही करू नका. काढायचं असेल तर त्यांनी लेखी काढावं. त्याविरुद्ध लढता येतं, स्वतः दिलेल्या राजीनाम्याविरुद्ध लढणं फार अवघड.'

त्यानं वाचल्याचं दिसलं.

सव्वापाचला मेसेज आला. 'सही केली. तुमचं उत्तर लई बारकं होतं, वाटलं फुकट म्हणून उरकलं. आमच्या गल्लीत हिंदुरावकाका हायत, रिटायर फोरमन. त्यांनी तासभर फोनवर समजावलं, राजीनामा दिला की रेकॉर्ड साफ राहतंय. आता मेव्हणा शिव्या देतोय. राजीनामा मागं घेता येतोय का?'

'कंपनीनं मंजुरीचं पत्र दिलं का?'

'हातोहात दिलं.'

निशिगंधानं कपाळावर हात मारला. तिला सयाजीचा राग आला, त्या तासभर बोलणाऱ्या काकांचा आला, आणि सगळ्यांत जास्त या गोष्टीचा, की तिनंही तासभर घोळ घातला असता तर त्यानं तिचं ऐकलं असतं.

'मंजूर झाला म्हणजे आता नुसता मागं घेता येणार नाही. दबाव टाकून सही घेतली हे सिद्ध करावं लागेल,' तिनं लिहिलं. 'ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही.'

'दोन तास घ्या मॅडम. तीन हजार देतो.'

तिनं उद्या अकराची वेळ दिली, राजीनाम्याची प्रत, मंजुरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणायला सांगितल्या. नोकरी परत मिळेल का, असं त्यानं विचारलं. 'खात्री देत नाही,' एवढंच तिनं लिहिलं, आणि हेही उत्तर त्याला बारकंच वाटणार हे तिला ठाऊक होतं.